दोन हजारांचं वेढणं की एसआयपी?

प्रिय आई,
सा. न.

परवा फोनवर तू म्हणालीस, "दर महिन्याला दोन हजार त्या फंडात घालतेस, तेवढ्यात वर्षाला एक वेढणं झालं असतं." झालं असतं, खरंय. तरी या दोन्हींत फरक काय, ते सविस्तर लिहिते.

आधी सोनं. हिशेब सोपा जावा म्हणून भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. पाच ग्रॅमची चेन घेतली, तर सोन्याचे ५०,००० झाले. त्यावर १२ टक्के घडणावळ म्हणजे ६,००० आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, १,६८०. म्हणजे तू मोजलेस ५७,६८०. दुसऱ्याच दिवशी मोडायला नेलीस, तर सराफ घडणावळ आणि कर धरणार नाही. फार तर ५०,००० हातात येतील. भाव पंधरा टक्के चढेपर्यंत तू तोट्यातच. वेढण्याला घडणावळ नाममात्र असते, म्हणून साठवणीसाठी तुझं गुरुपुष्याचं वेढणंच चेनपेक्षा शहाणपणाचं.

आता माझा फंड. माझे पैसे निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांच्या शेअरमध्ये जातात आणि त्या बदल्यात मला युनिट मिळतात. युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, बाजाराच्या प्रत्येक दिवशी ठरतो. समज, पहिल्या महिन्यात भाव ४० होता. दोन हजारांत ५० युनिट आले. दुसऱ्या महिन्यात तो ३२ वर घसरला. तेवढ्याच पैशांत साडेबासष्ट आले. या घडीला माझ्या ४,००० चे ३,६०० झालेले दिसतात. इथेच पुष्कळ जण घाबरून हप्ता बंद करतात. तिसऱ्या महिन्यात भाव पुन्हा ४० झाला, तर आणखी ५० युनिट मिळून साडेएकशेबासष्ट होतात आणि ६,००० चे ६,५०० दिसतात. पण भाव ३२ वरच राहिला असता, तर सगळे मिळून ५,६०० च झाले असते. हप्ते बांधल्याने तोटा टळतो, असं नाही. फक्त सगळे पैसे एकाच चढ्या भावात अडकत नाहीत.

मार्च २०२० मध्ये बाजार काही आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त कोसळला होता. त्या वेळी कुणाला लग्नासाठी पैसे काढावे लागले असते, तर नुकसान पक्कं. म्हणून पाच-सात वर्षांत लागणारी रक्कम मी यात घालत नाही. ती बँकेत मुदत ठेवीत आहे. अडीनडीला तुझं सोनं त्याच दिवशी गहाण टाकता येतं, फंडाचे पैसे यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात.

मग फंड कशाला? कंपन्या धंदा करून नफा कमावतात, तो वाढला की वाटाही वाढतो. सोनं तिजोरीत तेवढंच राहतं, वाढतो तो फक्त भाव. हा वाढण्याचा वेळ माझ्याकडे आहे, म्हणून मी तिथे पैसे घालते. तू वेढणी घेत राहा. फक्त हॉलमार्क बघ आणि पावती जपून ठेव.

तुझी,
ताई