नफा आहे, मग बँकेत पैसे का नाहीत?

दुबईत मसाले, पोहे, पापड आणून दुकानांना पुरवणारी एक छोटी ट्रेडिंग कंपनी डोळ्यांसमोर आणा. आकडे हिशोबाच्या सोयीसाठी घेतलेत. वर्षाची विक्री ३६,५०,००० दिरहॅम, विकलेल्या मालाची खरेदी किंमत २९,२०,००० आणि पगार, भाडं, गाडी असा खर्च ३,६५,०००. म्हणजे नफाही ३,६५,०००. तरीही मालकांची दर महिन्याला ओढाताण होते.

कारण ताळेबंदात दिसतं. गोदामात ४,००,००० चा माल आहे, दुकानदारांकडून ६,००,००० येणं आहे आणि भारतातल्या पुरवठादारांना २,४०,००० देणं आहे.

आता याचे दिवस करू. माल आपल्या वहीत खरेदी किमतीला लिहिलेला असतो, म्हणून त्याला रोजच्या खरेदी किमतीनेच भागायचं. २९,२०,००० भागिले ३६५, म्हणजे रोजचे ८,०००. चार लाखांचा माल झाला ५० दिवसांचा. येणी मात्र विक्रीच्या भावात असतात, म्हणून ती रोजच्या विक्रीने, म्हणजे १०,००० ने भागायची: ६० दिवस. दोन्ही मिळून ११० दिवस ही ऑपरेटिंग सायकल. मालाला विक्रीने भागलंत तर ५० चे ४० दिवस दिसतात, आणि बरेच जण इथेच फसतात.

पुरवठादार ३० दिवस थांबतो (२,४०,००० भागिले ८,०००, खरेदी आणि विकलेला माल आपण सारखाच धरलाय). उरलेले ८० दिवस पैसा आपला अडकतो. रोजचा माल ८,००० आणि खर्च १,०००, असे ९,००० गुणिले ८०. ७,२०,००० दिरहॅम खेळतं भांडवल हवं, वर्षाच्या नफ्याच्या जवळपास दुप्पट! हा अंदाज ढोबळ आहे, कारण पगार आणि भाडं पुरवठादारासारखं महिनाभर थांबत नाही. थोडी रक्कम वर ठेवाच.

खरी मेख ३१ डिसेंबरच्या आकड्यात आहे. दिवाळीचा माल तोवर विकून गेलेला असतो, गोदाम रिकामं दिसतं. बारा महिनाअखेरींची सरासरी काढली आणि माल ५,६०,००० निघाला, तर ५० चे ७० दिवस होतात, आणि गरज एकदम ९,००,००० वर जाते. बँकेकडे जाण्याआधी अकाउंटंटकडून हे बारा आकडे मागून घ्या. येण्यांचेही घ्या, आणि रोखीची विक्री बाजूला काढा. ती विक्रीत मिसळली तर उधारी आहे त्यापेक्षा लवकर वसूल होते असं वाटतं.

एखादा सुपरमार्केटवाला मोठी ऑर्डर देतो, पण ९० दिवसांच्या उधारीवर. ती घेण्याआधी त्या ऑर्डरचा रोजचा माल-खर्च किती हे बघा, त्याला तिच्या सायकलच्या दिवसांनी गुणा. तेवढे पैसे आज हाताशी आहेत का?