एकदाच ऐकून कळावी अशी सूचना

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याच्या पथकाची गाडी शाळेच्या आवारात शिरली की त्या दिवसाचं वेळापत्रक बदलतं. समजा, अकरा ते पाच भरणाऱ्या एका शाळेत पाचवी-सहावीची तपासणी आहे आणि पथकाला दोन वाजल्यापासून सभागृह हवं आहे. म्हणून सकाळच्या चार तासिका पस्तीसऐवजी तीस मिनिटांच्या झाल्या आणि मधली सुट्टी 1.40 ऐवजी 1.20 ला आली. वाचलेली वीस मिनिटं दुपारच्या चार तासिकांत पाच-पाच करून वाटली, म्हणजे शाळा सुटण्याची वेळ तीच राहिली. आता परिपाठात हे मुलांना सांगायचं आहे.

बहुतेक ठिकाणी ते असं सांगितलं जातं: ‘सर्व विद्यार्थ्यांना सूचित करण्यात येते की, आज आरोग्य तपासणी पथक येणार असल्याने दैनंदिन वेळापत्रकात बदल करण्यात आला असून, पहिल्या चार तासिका प्रत्येकी तीस मिनिटांच्या होऊन त्यानंतर मधली सुट्टी होईल व इयत्ता पाचवी व सहावीच्या विद्यार्थ्यांनी सभागृहात उपस्थित राहावे.’ सूचनावहीत हे चालतं. तिथे वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो. मैदानात उभ्या असलेल्या मुलाला ती सोय नसते. आपलं नाव निघेपर्यंत त्याने ‘असल्याने’, ‘असून’, ‘होऊन’ हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि पाचवी-सहावी हे शब्द येईपर्यंत पाचवीतल्या मुलाचं लक्ष केव्हाच उडालेलं असतं.

या सूचनेतून सर्वांत आधी तासिकांची मिनिटं काढावीत. मुलं घड्याळ बघून वर्ग बदलत नाहीत, घंटेवर बदलतात. तीस मिनिटांची माहिती लागते ती घंटा देणाऱ्या शिपाईमामांना आणि शिक्षकांना. ती शिक्षकखोलीतल्या फळ्यावर लिहावी. सुट्टी लवकर होणार हे खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही परिपाठाच्या आधीच कळायला हवं. मुलांपुरते तीनच प्रश्न उरतात: डबा कधी, मी कुठे जायचं, शाळा कधी सुटणार? तिसऱ्याचं उत्तर ‘रोजच्यासारखीच’ असलं तरी ते बोलून दाखवावं लागतं. नाहीतर बदल म्हटल्यावर रिक्षाने जाणारी मुलं दिवसभर तेच विचारत राहतात.

मग सूचना अशी होते:

‘मुलांनो, आज एक बदल आहे. मधली सुट्टी लवकर होईल, एक वाजून वीस मिनिटांनी. पाचवी आणि सहावी, नीट ऐका. सुट्टी संपली की तुम्ही सभागृहात यायचं. तिथे डॉक्टर तुम्हाला तपासतील. दप्तर वर्गातच ठेवा. बाकी सगळ्यांनी आपापल्या वर्गात बसायचं. शाळा रोजच्याच वेळी, पाच वाजता सुटेल. पुन्हा सांगते. सुट्टीनंतर पाचवी आणि सहावी, सभागृहात.’

ज्याच्यासाठी निरोप आहे त्याला आधी हाक, मग काम. शेवटी सगळी सूचना पुन्हा वाचायची नाही, कारण दुसऱ्यांदा तेच सुरू झालं की मुलं बोलू लागतात. चुकलं तर गोंधळ होईल अशी एकच गोष्ट पुन्हा सांगायची.

कर्ण्याचीही अडचण असते. उघड्या मैदानात शब्दाचं पहिलं अक्षर विरतं आणि ‘सहावी’चं ‘दहावी’ होऊ शकतं. ‘पाचवी आणि सहावी’ अशी जोडी केली की हा धोका टळतो. एकटीच दहावी असेल तेव्हा ‘दहावी, म्हणजे यंदा बोर्डाला बसणारी मुलं’ असं म्हणावं. समोर पन्नास मीटरवर इमारतीची भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून सुमारे पाव सेकंदाने परत येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर थांबायचं, प्रतिध्वनी विरला की पुढचं वाक्य घ्यायचं.

जागाही महत्त्वाची. प्रतिज्ञा आणि बातम्या यांच्या मध्ये सांगितलेली सूचना सुविचार-दिनविशेषाखाली दबते. रांगा हलण्याच्या अगदी आधी ती यावी.

‘समजलं का?’ असं विचारलं की सगळं मैदान ‘हो’ म्हणून ओरडतं. त्यातून काहीच कळत नाही. शिक्षकांनो, त्याऐवजी सहावीच्या रांगेतल्या शेवटच्या मुलाला विचारा, ‘सुट्टीनंतर तू कुठे जाशील?’ तो अडखळला तर सूचना तिथेच, रांगा हलायच्या आत, पुन्हा द्या.