अर्धा सूत इकडे-तिकडे

मध्यभागी एक छोटा चौकोन, बहुधा लाल. त्याभोवती एकामागून एक पट्ट्या जोडत जायचं: लागोपाठच्या दोन बाजूंना फिक्या रंगाच्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. असे तीन-चार वेढे झाले की कापडाचा जो चौकोनी तुकडा तयार होतो, त्याच्या कर्णाच्या एका अंगाला उजेड असतो आणि दुसऱ्या अंगाला सावली. अमेरिकेत या नक्षीला ‘लॉग केबिन’ म्हणतात, म्हणजे ओंडक्यांचं घर. पट्ट्या म्हणजे ओंडके आणि मधला लाल चौकोन म्हणजे पेटलेली चूल, असं तिथे सांगितलं जातं. १८६०च्या दशकापासून ही नक्षी तिकडे घरोघर शिवली जाऊ लागली आणि आजही रजई शिवायला शिकणाऱ्यांच्या हाती बहुधा हीच आधी येते. दिसायला सोपी, सगळ्या शिवणी सरळ. पण हिच्याइतकी चूक साठवून ठेवणारी नक्षी दुसरी क्वचितच सापडेल.

जुन्या बायकांना त्याची फारशी फिकीर नव्हती. त्या मांजरपाटासारख्या साध्या कापडाचा चौकोन तळाला घेत आणि त्यावर रेशीम, लोकर, मखमल, जे हाती लागेल त्याच्या पट्ट्या शिवत. प्रत्येक टाका तळाच्या कापडातून जाई, त्यामुळे एखादी पट्टी ताणलेली किंवा वाकडी असली तरी ब्लॉकचा आकार तळ सांभाळून घेई. आपल्याकडच्या गोधडीतही अस्तरावर ठिगळं बसवून धावदोरा घालताना हेच होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र हा तळ गळाला. १९७८ साली एलिनॉर बर्न्स या अमेरिकन बाईंनी एका दिवसात लॉग केबिन रजई शिवायची रीत पुस्तकरूपाने स्वतःच छापली आणि १९७९मध्ये ओल्फा या जपानी कंपनीचा गोल पात्याचा रोटरी कटर बाजारात आला. कापडाच्या लांबच लांब पट्ट्या झटपट कापायच्या आणि त्यांच्यावरच ब्लॉक शिवत न्यायचे, ही पद्धत रूढ झाली. वेग वाढला, पण तळ जे काम गुपचूप करत होता ते आता कटर, शिलाई आणि इस्त्री यांच्यावर येऊन पडलं.

एकच ब्लॉक घेऊन पाहू. मधला चौकोन दीड इंचाचा आणि सगळ्या पट्ट्या दीड इंच रुंद कापल्या. दोन्ही कडांना पाव-पाव इंच शिलाईत गेलं की प्रत्येक पट्टी एक इंच उरते. तीन वेढ्यांना बारा पट्ट्या लागतात. पहिली दीड इंच लांब, दुसरी आणि तिसरी अडीच, चौथी आणि पाचवी साडेतीन, अशी चढत शेवटची साडेसात इंच. पुरा झालेला ब्लॉकही साडेसात इंचाचा. शेजारच्या ब्लॉकना जोडला की सात इंच दिसतो.

आता शिलाई पाव इंचाऐवजी अर्धा सूत जास्त आत गेली असं धरू. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ही चूक सोळाव्या भागाची. डोळ्यांना ती दिसणारही नाही. पण एका शिवणीत दोन कापडांचा प्रत्येकी अर्धा सूत खाल्ला जातो, म्हणजे एक सूत. ब्लॉकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशा सहा शिवणी असतात. साडेसातचा ब्लॉक पाऊण इंचाने आखडून पावणेसातचा होतो.

गंमत अशी की लांब पट्टीवर शिवताना हे कळतच नाही. मधले चौकोन फिक्या पट्टीवर पालथे ठेवून, धागा न तोडता एकामागून एक शिवत नेतात. नंतर प्रत्येकाच्या कडेबरोबर पट्टी कापून त्यांना वेगळं करतात, उलगडतात आणि पुढच्या पट्टीवर ठेवतात. पट्टी ब्लॉकच्या मापाने कापली जाते, त्यामुळे ब्लॉक आखडला तर तीही तितकीच आखूड कापली जाते. पट्ट्या आधीच हिशेबाने कापून ठेवल्या असत्या, तर दुसरीच पट्टी सूतभर बाहेर डोकावली असती. म्हणून शहाणी शिवणारी सुरुवातीला तीन तुकड्यांची चाचणी घेते: दीड इंचाच्या तीन पट्ट्या शेजारी-शेजारी शिवायच्या, इस्त्री करायची आणि मोजायचं. साडेतीन इंच भरले आणि मधली पट्टी नेमकी एक इंच आली तर शिलाई बरोबर. कमी भरलं तर सुई कडेच्या दिशेला जराशी सरकवायची. घडी पडते तिथे कापडाची जाडीही जागा खाते, त्यामुळे योग्य शिलाई पाव इंचाहून केसभर कमीच असते.

पट्टी स्वतः सरळ नसेल तर ही चाचणीही फसते. कापडाच्या दोन्ही किनारी जुळवून घडी घालतात आणि घडीला काटकोनात पट्टी धरून कापतात. काटकोन जरा चुकला की उलगडलेली पट्टी घडीच्या जागी कोपरासारखी वाकलेली निघते. त्यामुळे तीन-चार पट्ट्या कापल्या की एक उलगडून पाहायची आणि कापडाची कड पुन्हा काटकोनात घ्यायची. आडव्या धाग्यावर कापलेली पट्टी उभ्या धाग्याच्या पट्टीपेक्षा जास्त ताणली जाते. मशीनचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात तेव्हा हाताने पट्टी ओढली, तर ती ताणलेल्या स्थितीतच शिवली जाते आणि सुटल्यावर ब्लॉकला आत ओढते. उलट पट्टीच ढिली जास्त गेली तर कडेला झालरीसारख्या लाटा येतात. टेबलावर ठेवलेला ब्लॉक सपाट बसत नसेल तर दोष बहुधा इथेच असतो.

शिवताना ब्लॉक वर आणि पट्टी खाली ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे मागच्या शिवणींच्या कडा दिसतात आणि उलटत असल्या तर टोच्याने दाबून धरता येतात. नुकतीच जोडलेली पट्टी प्रत्येक वेळी शिवणारीच्या बाजूला ठेवली की वेढ्याची दिशा चुकत नाही. तरी गोंधळ झालाच, तर एक वेढा पुरा झाल्यावर ज्या कडेवर दोन शिवणी दिसतात ती पुढच्या पट्टीची जागा.

मग इस्त्री. शिवणीचं कापड नेहमी नव्या पट्टीखाली, केंद्रापासून बाहेर वळवायचं. इतर नक्ष्यांत ते गडद कापडाखाली लपवतात. इथे तो नियम पाळला तर एक शिवण आत, एक बाहेर होते आणि ब्लॉकमध्ये उंचवटे तयार होतात. आधी शिवण बंद असतानाच एकदा दाबायची, मग पट्टी उलगडून सुलट्या बाजूने इस्त्रीची कड शिवणीवर टेकवायची. इस्त्री उचलून ठेवायची, कपड्यांवर फिरवतात तशी घासत न्यायची नाही; घासली की पट्टी धनुष्यासारखी वाकते, आणि वाफ सोडली असेल तर अधिकच. उलगडताना शिवणीजवळ बारीक चुणी राहून गेली, तर तीही माप खाते. सुलट्या बाजूने शिवणीवरून नख ओढलं की ती लगेच सापडते.

प्रत्येक वेढ्यानंतर ब्लॉक मोजायचा: साडेतीन, साडेपाच, साडेसात. किंचित मोठा असेल तर लगेच छाटून चौरस करता येतो. सगळी छाटणी शेवटी केली तर बाहेरची एकच पट्टी बारीक होते आणि ते लांबूनही दिसतं. छत्तीस ब्लॉक सहा-सहांच्या ओळींत मांडून बेचाळीस इंचांची रजई करायची असेल, आणि सगळेच ब्लॉक पावणेसातचे निघाले, तर फारसं बिघडत नाही. रजई साडेसदतीस इंचांची होते, इतकंच. काही पावणेसात आणि काही साडेसात निघाले, तर मात्र कोपरे जुळत नाहीत. अशा वेळी सर्वांत लहान ब्लॉकच्या मापाला बाकीचे छाटावे लागतात, नाहीतर लहानांची शेवटची पट्टी उसवून थोडी रुंद पट्टी लावावी लागते.