एकाच हंडीतली तीन मांसे

आफ्रिकन स्वाइन फीव्हरची बातमी आली की बालाघाटपासून गोंदियापर्यंत डुकराच्या मटणाच्या दुकानांसमोरची गर्दी ओसरते, आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये हा रोग मध्य प्रदेशातील रीवा शहरात आढळल्यापासून ही भीती अधूनमधून डोके वर काढत आली आहे. वास्तविक या रोगाचा विषाणू डुकरांना मारतो, माणसाला त्याची बाधा होत नाही. पाळणाऱ्याचे दिवाळे निघते, खाणाऱ्याच्या ताटाला मात्र त्याचा धोका नाही. ताटाचे जे खरे नुकसान होते, ते हंडी चुलीवर चढल्यानंतर होते आणि त्याला कोणताही विषाणू जबाबदार नसतो. खांदा, पाठ आणि पोट या तीन वेगळ्या प्रकृतीच्या मांसांना एकाच आकारात तोडून, एकाच आचेवर, एकाच वेळेपुरते शिजवणे हे त्याचे कारण आहे.

या एकत्र शिजवण्याला जुना आधार आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात गोंडांच्या नारायणदेवाला डुक्कर अर्पण करण्याची प्रथा नोंदलेली आहे. अशा विधीत मांस हा सर्वांनी मिळून खाण्याचा प्रसाद असतो, कोणाला कोणता तुकडा रुचतो याचा तेथे प्रश्नच उद्भवत नाही. बाजारातील ‘मिक्स’ मटणाला असे कोणतेही कारण नाही. तेथे सरसकट तुकडे पाडणे कसायाच्या सोयीचे असते, एवढेच.

तिन्ही भागांतील चरबीचे आकडे पाहिले तर प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. अमेरिकी कृषी विभागाच्या पोषण-तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कच्च्या मांसात पोटाच्या भागात सुमारे 53 ग्रॅम, खांद्यात सुमारे 18 आणि लॉइनमध्ये, म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंना लांबलचक पसरलेल्या पाठीच्या मांसात, सुमारे 12.5 ग्रॅम चरबी असते. परंतु बाहेरून दिसणारी चरबी सुरीने काढून केवळ लाल मांस तपासले, तर लॉइनमध्ये साधारण 5.7 ग्रॅम आणि खांद्यात 7.1 ग्रॅम उरते, म्हणजे दोघांतील अंतर जवळजवळ मिटते. तरीही शिजल्यावर खांदा मऊ रसाळ होतो आणि लॉइनचा चोथा होतो. चरबीचे प्रमाण हा या कोड्याचा अर्धाच भाग आहे. ती कोठे बसली आहे आणि तिच्यासोबत आणखी काय आहे, हा दुसरा.

लॉइनची चरबी बहुतांशी वरच्या पट्ट्यात असते, खांद्याची स्नायूंच्या मधल्या थरांत विखुरलेली असते. शिवाय खांदा हा सतत राबणारा अवयव असल्याने त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूंना एकत्र बांधून ठेवणारे चिवट पांढरे प्रथिन, भरपूर असते. हे कोलॅजन साधारण 60 ते 65 अंश सेल्सियसच्या सुमारास आकसते आणि मांसातील पाणी पिळून बाहेर काढते. पुढे 80 ते 95 अंशांवर तास-दीड तास राहिल्यानंतरच ते विरघळून जिलेटिन, म्हणजे पायाच्या रश्श्याला चिकटपणा देणारा पदार्थ, बनते. म्हणून खांद्याचे मटण चुलीवर पाऊण तासाला सर्वांत निबर लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी ‘डुक्कर जून निघाले’ असा निकाल देऊन हंडी उतरवली जाते. खरे तर तेव्हा मांस अर्ध्या वाटेवर असते. चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे झाकणाखाली मंद आचेवर दीड ते दोन तास, किंवा कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून 25 ते 30 मिनिटे ठेवावेत. चमच्याच्या कडेने तुकडा दाबला असता तो धाग्यांत सुटला, तरच तो शिजला.

लॉइनला हेच दोन तास मारक ठरतात, कारण त्यात विरघळण्याजोगे कोलॅजन फार थोडे असल्याने गेलेल्या पाण्याची जागा भरून काढायला काहीच उरत नाही. कमी चरबीचे म्हणून पाश्चात्त्य कसायांनी आणि आहारतज्ज्ञांनी लॉइनला जो मान दिला आहे, तो रश्श्याच्या स्वयंपाकात निव्वळ अनाठायी आहे. त्याचे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे काप एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम मीठ घालून तासभर बुडवावेत, कोरडे पुसून तापल्या तव्यावर प्रत्येक बाजूने तीन-चार मिनिटे भाजावेत आणि पाच मिनिटे झाकून ठेवून मगच कापावेत. अमेरिकी शिफारस 2011 पासून मांसाच्या गाभ्यात 63 अंश तापमान आणि तीन मिनिटे विश्रांती अशी आहे. मोकाट फिरणाऱ्या डुकराच्या मांसात फीतकृमीच्या अळीच्या पिशव्या असू शकतात, हे ध्यानात घेता आपल्याकडे गाभा 70 अंशांपर्यंत नेणे अधिक शहाणपणाचे. थर्मामीटर नसेल तर मधून कापून पाहावे: गुलाबी छटा उरू नये. कच्च्या मांसात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसले तर ते मांस घेऊच नये.

पोटाच्या भागाचा हिशेब अगदीच निराळा आहे, कारण तेथे निम्म्याहून अधिक वजन चरबीचेच असते आणि ती तेलात तळण्याऐवजी तिचेच तेल करून घ्यायचे असते. कातडीसकट तुकडे थंड कढईत अर्धी वाटी पाण्यासह मंद आचेवर ठेवले की आधी चरबी पातळ होते, मग पाणी आटते आणि सुमारे पाऊण तासाने तुकडे स्वतःच्याच तेलात तांबूस होऊ लागतात. आच सुरुवातीलाच मोठी केली तर बाहेरचे मांस करपते आणि आतली चरबी तशीच लिबलिबीत राहते.

येथे बालाघाटची एक खास अडचण आहे. हा धानाचा जिल्हा, येथील चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जेथे भातगिरण्या असतात तेथे डुकरांच्या खाद्यात कोंडाही येतो. कोंड्यातील तेल असंतृप्त, म्हणजे सामान्य तापमानाला पातळ राहणारे असते आणि डुक्कर ते फारसे न बदलता आपल्या चरबीत साठवते. त्यामुळे कोंड्यावर वाढलेल्या डुकराची चरबी मऊ, तेलकट आणि लवकर खवट होणारी निघते. कच्च्या पोटाच्या तुकड्यावर बोट दाबले असता चरबी घट्ट राहिली तर ते मांस साठवणीला चालेल. बोट रुतले आणि तकाकी आली तर ते त्याच दिवशी शिजवून संपवावे.

साठवणीचा विषय निघाला की गोव्याकडे पाहावे लागते. तेथील सोरपोतेलमध्ये मांस आधी मोठ्या तुकड्यांत उकडून, मग बारीक चिरून, त्याच्याच चरबीत परतून व्हिनेगरच्या मसाल्यात पुन्हा शिजवले जाते. दोनदा शिजण्याची ही रीत खांदा आणि पोट यांना मानवते, आणि आंबटपणामुळे कोलॅजन लवकर सैल पडून पदार्थही टिकतो. चोरिस या सॉसेजातही चरबीचे तुकडे जाणीवपूर्वक घातले जातात. निव्वळ लॉइनची चोरिस वाळल्यावर लाकडासारखी होईल.

अमेरिकी आकडे देशी काळ्या डुकराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्याच्या पाठीचे मांस लहान आणि कातडीखालचा चरबीचा थर तुलनेने जाड असतो, त्यामुळे एका डुकरातून लॉइन निघतो तो थोडाच. उरलेल्या मटणात खांदा आणि पोटाला वाव अधिक. तेव्हा ग्राहकाने दुकानात एवढेच सांगावे की पाठीचे मांस अखंड वेगळे द्या आणि बाकीचे तोडा. रश्श्यासाठी दोन भाग खांदा आणि एक भाग पोट घ्यावे, पोट आधी कढईत सोडावे, त्याच्या सुटलेल्या चरबीत कांदा-मसाला परतून मग खांदा घालावा, आणि पाठीचे काप दुसऱ्या दिवशी तव्यावर करावेत.