बाहेरच्या कार्यक्रमात आपल्याच साहेबांची ओळख कशी करून द्यायची?

समजा, तुम्ही अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका बॉक्स बनवणाऱ्या युनिटमध्ये सुपरवायझर आहात. जांभूळमध्ये बचत गटांचा मेळावा आहे. तुमचे साहेब 'गिऱ्हाईक कसं टिकवायचं' यावर बोलणार आहेत आणि त्यांची ओळख तुम्ही करून द्यायची आहे.

इथे एक अडचण असते. समोरच्यांना माहीत असतं की तुमचा पगार यांच्याच हातात आहे. त्यामुळे 'देवमाणूस', 'वडिलांसारखे' असं काही बोललात की लोक ते मनातल्या मनात निम्मं करून ऐकतात. म्हणून नातं आधीच सांगून टाका: "मी यांच्याकडे सहा वर्षं काम करतो, त्यामुळे माझं मत थोडं त्यांच्या बाजूचं धरा. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती सांगतो."

मग विशेषणं नकोत, एकच प्रसंग सांगा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना नुसतं 'महान उद्योगपती' म्हटलं तर काहीच कळत नाही. पण लोखंडाने जमीन खराब होईल अशी शेतकऱ्यांना भीती होती, तरी त्यांनी लोखंडी नांगर विकला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी केली, असं सांगितलं की माणूस समोर उभा राहतो. अडचण सांगितली म्हणून कौतुक पटतं.

आपल्या साहेबांचंही तसंच:

"गेल्या पावसाळ्यात आमचे ४०० बॉक्स ओलसर निघाले. गाडी भरून तयार होती. साहेबांनी गाडी थांबवली, गिऱ्हाईकाला स्वतः फोन केला आणि माल दोन दिवस उशिरा येईल म्हणून सांगितलं. ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडे आहे. हे कसं जमतं, ते त्यांच्याकडूनच ऐकूया. श्री. अमुक अमुक!"

झालं, मिनिटभरात संपलं. नाव मुद्दाम शेवटी घेतलं, म्हणजे टाळ्या योग्य जागी पडतात. आणि पूर्ण नाव घ्या. 'आमचे सर' हे कंपनीतलं बोलणं, बाहेरच्यांना त्यातून कोण ते कळत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. असा प्रसंग सांगण्याआधी साहेबांना विचारा, कारण त्यात कंपनीची चूकही येते. गिऱ्हाईकाचं नाव तर घेऊच नका. दुसरं म्हणजे, अंतर ठेवायचं म्हणून साहेबांच्या सवयींवर विनोद करू नका. कंपनीत चालणारी मस्करी परक्या लोकांत अपमान वाटते.

बोलण्याआधी प्रत्येक वाक्याला "कशावरून?" असं विचारा. उत्तर नसेल, तर ते वाक्य काढून टाका. फुगवून बोललात की साहेबांची पहिली दोन मिनिटं "तसं काही नाही हो" म्हणण्यात जातात. साहेब उठून थेट विषयाला लागले, तर समजा ओळख नीट झाली.