व्हिनेगरने पोट किती उतरते?

२०२४ मध्ये लेबनॉनमधल्या एका चाचणीचा बराच गाजावाजा झाला. रोज सफरचंदाचे व्हिनेगर घेऊन १२ आठवड्यांत सहा ते आठ किलो वजन घटल्याचा तिचा दावा होता. आकडेवारीच संशयास्पद निघाल्याने २०२५ मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला.

२००९ची जपानी चाचणी अधिक संयत होती. रोज दोन मोठे चमचे व्हिनेगर पाण्यातून घेणाऱ्यांचे वजन १२ आठवड्यांत जेमतेम दोन किलो उतरले. व्हिनेगर थांबवल्यावर ते पुन्हा वाढू लागले. ग्रीन टीचा परिणाम याहून किरकोळ, तर चियाच्या बियांनी पोट भरल्यासारखे वाटते, इतकेच. व्हिनेगर मात्र पाण्याशिवाय घेऊ नये. दातांचे आवरण झिजते, घसा भाजतो.