‘का’ विचारू नका, कागद मागा

‘नवा रस्ता पहिल्याच पावसात का उखडला?’ माहिती अधिकाराच्या अर्जात असे लिहिले, की नगरपरिषदेकडून ठरलेले उत्तर येऊ शकते: माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. अर्जदार चिडतो, पण इथे कायदा कार्यालयाच्या बाजूने असतो. 2005च्या कायद्याने दप्तरात असलेली माहिती मिळते, अधिकाऱ्याचा खुलासा मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 साली सेल्सा पिंटो प्रकरणात हेच सांगितले: ‘का’चे उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

मग रस्त्याचे गुपित कुठे असते? मोजमाप पुस्तिकेत. अभियंता कामाची लांबी, रुंदी आणि थराची जाडी तिच्यात नोंदवतो, आणि त्या नोंदींवरून ठेकेदाराचे बिल निघते. महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’ म्हणून ठरलेला आहे. या रस्त्यापुरता तो साधारण असा भरता येईल:

माहितीचा विषय: जुना बाजार ते बसस्थानक रस्त्याचे डांबरीकरण
कालावधी: 1 एप्रिल 2023 ते 31 मार्च 2024
माहितीचे वर्णन: या कामाचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि अंतिम देयक यांच्या साक्षांकित प्रती
माहिती टपालाने हवी की व्यक्तिशः: व्यक्तिशः
दारिद्र्यरेषेखालील आहे काय: नाही

वर नाव-पत्ता, खाली सही आणि 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. कोणी विचारले तरी नाही.

एका अर्जात मात्र एकच विषय घ्यावा. राज्याच्या 2012च्या दुरुस्तीनुसार तसे बंधन आहे आणि मजकूरही साधारण 150 शब्दांत बसवायचा आहे. रस्त्यासोबत गटार आणि पथदिवेही कोंबले, की अर्ज अडतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

आवक शिक्क्याची पोच जपून ठेवावी, कारण 30 दिवस तिथून मोजले जातात. प्रतींचे शुल्क पानाला 2 रुपये. 34 पानांसाठी 68 रुपये भरा, असे पत्र निघाले, की पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या तिसांत धरत नाहीत; म्हणून पत्र येताच पैसे भरलेले बरे. मुदत उलटून गेली, तर तीच पाने फुकट द्यावी लागतात. तरीही काही हाती आले नाही, तर 20 रुपयांचे तिकीट लावून, 30 दिवसांच्या आत, त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे पहिले अपील करता येते.

प्रती मिळाल्या, की अंदाजपत्रकातली जाडी आणि पुस्तिकेतली जाडी शेजारी ठेवून पाहावी. त्यानंतर करारनाम्यातला दोषदायित्व कालावधी शोधावा. तो संपला नसेल, तर पुढचा अर्ज माहितीचा नसतो: रस्ता ठेकेदाराच्या खर्चाने दुरुस्त करून घ्यावा, असे मुख्याधिकाऱ्यांना लिहायचे आणि त्या पानांच्या झेरॉक्स सोबत जोडायच्या.